तीनच सहसंबंध हाती असताना आंशिक सहसंबंध काढणे: हूकर यांच्या उदाहरणात चिन्ह का उलटते?

कोरा कागद

आंशिक सहसंबंधाचे एक जुने उदाहरण मी सध्या हाताने सोडवून पाहत आहे. उत्तर बरोबर येते, पण त्याचा अर्थ लावता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आर. एच. हूकर यांनी १९०७ मध्ये हवामान आणि पिके यांच्या सहसंबंधावर लेखन केले. त्यांच्या आकड्यांवरून यूल यांनी दिलेल्या या उदाहरणात इंग्लंडमधील एका भागाच्या २० वर्षांच्या नोंदी आहेत आणि चल तीन आहेत: वैरणीसाठी पेरलेल्या गवताचे उत्पन्न, वसंत ऋतूतील पाऊस, आणि त्याच ऋतूतील ४२ अंश फॅरनहाइटच्या वरचे संचित तापमान. वर्षवार आकडे माझ्यासमोर नाहीत. आहेत ते फक्त तीन सहसंबंध: उत्पन्न आणि पाऊस यांच्यात ०.८०, उत्पन्न आणि तापमान यांच्यात उणे ०.४०, पाऊस आणि तापमान यांच्यात उणे ०.५६.

पावसाचा भाग काढून टाकल्यावर उत्पन्न आणि तापमान यांच्यात काय उरते, हे मी पुढीलप्रमाणे काढले. येथे x म्हणजे उत्पन्न, y म्हणजे तापमान आणि z म्हणजे पाऊस.

```
r_xy.z = (r_xy - r_xz * r_yz) / sqrt((1 - r_xz^2) * (1 - r_yz^2))
       = (-0.40 - (0.80)(-0.56)) / sqrt(0.36 * 0.6864)
       = 0.048 / 0.4971
       = 0.097
```

म्हणजे उणे ०.४० होते ते अधिक ०.०९७ झाले. याचा अर्थ अधिक उष्ण वसंत गवताला मुळात लाभदायक असतो आणि पावसामुळे ते दिसत नव्हते, असा घ्यावा काय? आणि मूळ नोंदी न पाहता केवळ तीन आकड्यांवरून असे काही म्हणण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

अंकनाद

तुमचे गणित बरोबर आहे, मात्र त्यातील महत्त्वाचा भाग वरचा आहे, खालचा नाही. पाऊस उत्पन्नाशी ०.८० ने जोडलेला आहे आणि तापमानाशी उणे ०.५६ ने, म्हणून पावसाच्या वाटेने उत्पन्न आणि तापमान यांच्यात जो संबंध आपोआप निर्माण व्हायला हवा तो या दोघांचा गुणाकार, म्हणजे उणे ०.४४८. प्रत्यक्षात सापडला उणे ०.४०. तेव्हा पावसाने जितका संबंध दिला त्याहून प्रत्यक्ष संबंध ०.०४८ ने कमी उणा आहे, आणि हाच ०.०४८ तापमानाचा स्वतःचा वाटा होय. खालच्या वर्गमुळाने भागणे ही केवळ उत्तर उणे एक ते एक या मर्यादेत बसवण्याची सोय आहे, त्याने अर्थ बदलत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. चिन्ह अधिक आले म्हणजे ऊब गवताला पोषक आहे, आणि उष्ण वसंत बहुधा कोरडा असल्यामुळे ते झाकले गेले होते.

तिसरी बाजू

अंकनाद यांनी अंश फार नेमका समजावला आहे, पण छेदाविषयी आणि निष्कर्षाविषयी मी सहमत नाही.

सूत्र बाजूला ठेवून कृती पाहू. वीस वर्षांच्या नोंदी असत्या तर आपण पावसावरून उत्पन्नाचा अंदाज सांगणारी सरळ रेषा काढली असती आणि दरवर्षी प्रत्यक्ष उत्पन्न त्या अंदाजापेक्षा किती वर किंवा खाली आले ते लिहून ठेवले असते. मग पावसावरूनच तापमानाचा अंदाज सांगणारी दुसरी रेषा काढून तापमानाबाबतही तसेच केले असते. आता हाती शिलकी आकड्यांचे दोन रकाने येतात: पावसाच्या मानाने उत्पन्न किती जास्त वा कमी, आणि पावसाच्या मानाने तापमान किती जास्त वा कमी. या दोन रकान्यांमधला साधा सहसंबंध म्हणजेच आंशिक सहसंबंध. कोरा कागद यांनी विचारलेल्या अधिकाराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते. सरळ रेषेपुरतेच बोलायचे असेल तर शिलकींचा सहसंबंध काढण्यास लागणारी सर्व माहिती त्या तीन आकड्यांत आधीच असते आणि मूळ नोंदी मिळाल्या तरी उत्तर तेच येईल. शिलकींचे ठिपके रेषेभोवती कसे पसरले आहेत, एखादेच वर्ष सगळा निकाल ठरवते आहे काय, पाऊस फार झाल्यावर उत्पन्न पुन्हा खाली येते काय, हे मात्र तीन आकड्यांतून कधीच कळणार नाही.

आता छेद. उत्पन्न आणि पाऊस यांचा सहसंबंध ०.८० आहे, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षागणिक चढउतारांपैकी ०.६४ भाग पावसाच्या रेषेने उचलला आणि ०.३६ भाग शिल्लक राहिला. तापमानाच्या चढउतारांपैकी पावसाने ०.३१३६ भाग उचलला आणि ०.६८६४ शिल्लक राहिला. अंशातला ०.०४८ हा शिलकींचा एकत्र हलण्याचा भाग आहे, पण तो मूळ चलांच्या एककांत मोजलेला आहे. शिलकी मूळ चलांपेक्षा आकाराने लहान असतात, म्हणून त्यांचा सहसंबंध हवा असेल तर त्यांच्याच पसाऱ्याने भागावे लागते. येथे भागाकाराने उत्तर दुप्पट झाले. पाऊस आणि उत्पन्न यांचा संबंध ०.९८ असता तर तोच ०.०४८ भागाकारानंतर कितीतरी मोठा दिसला असता, आणि तसे दिसणे योग्यच असते, कारण उरलेल्या अगदी थोड्या चढउतारांपैकी मोठा भाग त्याने व्यापला असता.

याचीच एक मधली पायरीही आहे. पाऊस फक्त तापमानातून काढायचा आणि उत्पन्न जसेच्या तसे ठेवायचे, असे केले तर ०.०४८ ला केवळ ०.६८६४ च्या वर्गमुळाने भागायचे, उत्तर ०.०५८ येते. त्याला अर्ध-आंशिक सहसंबंध म्हणतात. तो चुकीचा नाही, पण त्याचा प्रश्न निराळा आहे: उत्पन्नाच्या एकूण चढउतारांत तापमानाच्या स्वतंत्र भागाचा वाटा किती. प्रकाशित तक्त्यांत या दोघांची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून कोणी निव्वळ आकडा दिला असेल तर छेदात काय होते ते विचारून घ्यावे.

राहिला निष्कर्ष. उणे ०.४० पैकी जवळजवळ सर्व संबंध पावसाच्या वाटेने आला होता, इतके हे आकडे सांगतात. ऊब पोषक आहे, असे ते सांगत नाहीत. ही दोन विधाने एकमेकांपासून पुष्कळ लांब आहेत.

उंबरठा

मला एक शंका आहे. तिसरा चल काढून टाकायचा तर फार पावसाची आणि फार कमी पावसाची वर्षे वगळून उरलेल्या मध्यम वर्षांवर सहसंबंध काढणे अधिक सरळ नाही काय? आमच्याकडे प्रयोगशाळेत एखाद्या घटकाचा प्रभाव नको असेल तर आम्ही तो घटक स्थिर ठेवतो. येथेही साधारण सारख्या पावसाची वर्षे निवडली की पाऊस स्थिरच झाला. मग या सूत्राची गरज काय?

तिसरी बाजू

उंबरठा, तुम्ही म्हणता ती कृती खरोखर केली जाते, पण ती वेगळी आहे. सारख्या पावसाची वर्षे निवडल्यास तुम्हाला त्या विशिष्ट पावसाच्या पातळीवरचा संबंध मिळतो, आणि वीसपैकी पाच-सहा वर्षेच हाती राहतात. सूत्र एकही वर्ष वगळत नाही. ते प्रत्येक वर्षाच्या आकड्यांतून पावसावरून अपेक्षित असलेला भाग वजा करते आणि सर्व पातळ्यांवर मिळून एकच आकडा देते. तिन्ही चलांचे वितरण एकत्रितपणे प्रसामान्य असेल तर पावसाची कोणतीही पातळी घेतली तरी आतला सहसंबंध सारखाच असतो आणि दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात. तसे नसेल, उदाहरणार्थ कोरड्या वर्षी उष्णता मारक आणि ओल्या वर्षी तारक असेल, तर सूत्र या दोन्हींची सरासरी शून्याजवळ दाखवील आणि खरी गोष्ट तुमच्या मार्गानेच कळेल. त्यासाठी मात्र मूळ नोंदी लागतात.

शोधिका

चिन्ह उलटले आहे हे सर्वांनी गृहीत धरले आहे, म्हणून मी त्याचीच तपासणी केली. आंशिक सहसंबंधाचे नमुना-वितरण साध्या सहसंबंधासारखेच असते, फक्त काढून टाकलेल्या प्रत्येक चलामागे नमुन्याचा आकार एकाने कमी धरायचा, हे फिशर यांनी १९२४ मध्ये दाखवले. येथे वर्षे २० आणि काढलेला चल एक, म्हणून १९ धरायचे. फिशर यांच्या रूपांतरात प्रमाण त्रुटी म्हणजे १९ मधून ३ वजा करून येणाऱ्या १६ च्या वर्गमुळाचा व्यस्त, अर्थात ०.२५. त्यावरून ०.०९७ चे ९५ टक्क्यांचे विश्वास-अंतराल साधारण उणे ०.३७ पासून अधिक ०.५३ पर्यंत जाते.

मूळ उणे ०.४० साठी हेच केले तर अंतराल उणे ०.७२ पासून अधिक ०.०५ पर्यंत येते. म्हणजे ज्या चिन्हापासून आपण निघालो तेही वीस वर्षांच्या आधारावर पक्के नाही, आणि ज्या चिन्हाला पोहोचलो ते तर मुळीच नाही. वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असेही यात धरले आहे. लागोपाठच्या वर्षांत काही सलगता असेल तर अंतराल याहूनही रुंद होईल.

पूर्णांकनाचीही एक बाब आहे. दिलेले सहसंबंध दोन दशांश स्थळांपर्यंतचे आहेत. प्रत्येक आकडा ०.००५ ने इकडे-तिकडे असू शकतो, असे धरून अंश पुन्हा काढला तर तो ०.०३६ पासून ०.०६० पर्यंत फिरतो. या उदाहरणात तेवढ्याने चिन्ह बदलत नाही. पण अंश हा जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी असल्यामुळे इनपुटमधला शेकडा एक-सव्वाचा फरक उत्तरात शेकडा पंचवीसचा होऊन बसतो. छापील सहसंबंधांवरून असे काम करणाऱ्याने ही फिरवाफिरव एकदा करून पाहावीच.

अंकनाद

अंतराल पाहिल्यावर चिन्हाविषयीचा माझा आग्रह मी सोडतो, परंतु आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. त्याच तीन आकड्यांतून मी उरलेले दोन आंशिक सहसंबंधही काढले. तापमान काढून उत्पन्न आणि पाऊस यांच्यात ०.७६ उरतो, म्हणजे ०.८० मध्ये फारशी घट नाही, आणि हे समजण्यासारखे आहे. पण उत्पन्न काढून पाऊस आणि तापमान यांच्यात उणे ०.५६ चे उणे ०.४४ होतात. पाऊस आणि तापमान यांचा संबंध उत्पन्नामुळे अंशतः निर्माण झाला होता, असे म्हणायचे काय? गवत वाढल्यामुळे हवामान बदलत नाही, तेव्हा हा आकडा निरर्थक आहे की त्यालाही काही अर्थ आहे?

तिसरी बाजू

प्रश्न नेमका आहे आणि त्यातच या सूत्राची मर्यादा आहे. सूत्राला तीन संख्या आणि त्यांपैकी कोणता चल काढायचा एवढेच कळते. कोण कोणामुळे बदलते, हे त्याच्या आवाक्यातले नाही, म्हणून तिन्ही दिशांनी ते सारख्याच तत्परतेने उत्तर देते.

उणे ०.४४ हा आकडा शिलकींचा सहसंबंध म्हणून शुद्ध आहे: ज्या वर्षी उत्पन्नाच्या मानाने पाऊस अधिक, त्या वर्षी उत्पन्नाच्या मानाने तापमान कमी. असा वर्णनात्मक अर्थ त्याला आहे. पण पाऊस आणि तापमान यांचा खरा संबंध उणे ०.४४ इतकाच असून बाकीचा उत्पन्नाने दिला, असे म्हणणे चूक ठरेल, कारण उत्पन्न हा या दोघांचा परिणाम आहे. दोन कारणांचा समाईक परिणाम काढून टाकला की कारणांमधील संबंध विनाकारण बदलतो. काही वेळा मुळात नसलेला संबंध उभाही राहतो. समजा दोन कारणांमध्ये काहीच संबंध नाही आणि परिणामाशी प्रत्येकाचा सहसंबंध ०.६० आहे. आता परिणाम काढून टाका. अंश शून्यातून ०.३६ वजा, छेद ०.६४, उत्तर उणे ०.५६. हा संबंध जगात कुठेच नव्हता. तो आपल्या कृतीने तयार केला.

म्हणून कोणता चल काढायचा हे सूत्राच्या आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचे ज्ञान बाहेरून आणावे लागते. गवताबाबत ते सोपे आहे. पाऊस आणि तापमान यांच्याबाबत तितके सोपे नाही. ढगाळ पावसाळी वसंत थंड असतो, तसेच अधिक उष्णतेने जमीन लवकर सुकते. पाऊस हा तापमानाचा साथीदार मानायचा की दोघांनाही वाऱ्यांच्या एकाच व्यवस्थेची दोन लक्षणे मानायचे, यावर ०.०९७ चा अर्थ अवलंबून आहे.

पायवाट

माझी अडचण याच सूत्राशी संबंधित आहे, म्हणून येथेच विचारतो. एका सर्वेक्षणात वय, कामाचा अनुभव आणि कौशल्य-चाचणीतील गुण असे तीन चल आहेत. वय आणि अनुभव यांच्यात ०.९०, वय आणि गुण यांच्यात ०.१०, अनुभव आणि गुण यांच्यात ०.६० असा तक्ता संगणकाने दिला. वय काढून अनुभव आणि गुण यांचा आंशिक सहसंबंध मी काढला तर उत्तर १.१८ येते. सहसंबंध एकापेक्षा मोठा असूच शकत नाही. मी आकडेमोड तीनदा तपासली आहे. सूत्र अशा ठिकाणी लागू होत नाही असे काही आहे काय?

तिसरी बाजू

सूत्र लागू होते, आणि १.१८ हे उत्तर देऊन त्याने तुम्हाला उपयोगी बातमी दिली आहे: हे तीन आकडे एकाच माणसांच्या गटाचे नाहीत.

प्रत्येक चल त्याच्या सरासरीपासून मोजला तर तो अनेक मितींमधला एक बाण मानता येतो आणि दोन चलांचा सहसंबंध म्हणजे त्या दोन बाणांमधील कोनाची कोज्या असते. ०.९० म्हणजे साधारण २६ अंशांचा कोन, ०.६० म्हणजे ५३ अंशांचा आणि ०.१० म्हणजे ८४ अंशांचा. आता पाहा, वयापासून अनुभव २६ अंशांवर, अनुभवापासून गुण ५३ अंशांवर, तर वयापासून गुण जास्तीत जास्त ७९ अंशांवर असू शकतात. तुमचा तक्ता ८४ म्हणतो. हे तीन बाण एकत्र मांडताच येत नाहीत. हूकर यांच्या आकड्यांत ते कोन ३७, ११४ आणि १२४ अंश आहेत आणि ते व्यवस्थित बसतात. जाता जाता सांगतो, गोलावरच्या त्रिकोणाची बाजूंवरून कोन काढण्याची कोज्या-नियमाची जी जुनी रीत आहे तिच्यात आणि आपल्या सूत्रात अक्षरांखेरीज काहीच फरक नाही. आंशिक सहसंबंध म्हणजे त्या गोलीय त्रिकोणाच्या शिरोकोनाची कोज्या. म्हणूनच त्रिकोण जुळत नसेल तर उत्तर एकाच्या पलीकडे जाते.

दुसऱ्या रीतीने सांगायचे तर वयाचे दोन सहसंबंध ०.९० आणि ०.१० एकदा ठरले की अनुभव आणि गुण यांचा सहसंबंध उणे ०.३४ पासून ०.५२ पर्यंतच असू शकतो. तुमचा ०.६० या पट्ट्याबाहेर आहे.

असे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गाळलेली उत्तरे. काहींनी वय लिहिले नसेल, काहींनी अनुभव. संगणकाने प्रत्येक जोडीसाठी ज्यांचे दोन्ही रकाने भरलेले आहेत अशी माणसे घेतली असतील, म्हणजे तीन सहसंबंध तीन वेगवेगळ्या गटांचे. तक्त्यात प्रत्येक जोडीची माणसांची संख्या छापून घ्या. त्या संख्या निराळ्या दिसल्या की कारण सापडलेच. तोवर भागाकार करण्यापूर्वी त्रिकोण जुळतो काय ते तपासणारा हा छोटा कोड वापरता येईल.

```python
from math import sqrt

def partial(xy, xz, yz):
    d = 1 + 2*xy*xz*yz - xy**2 - xz**2 - yz**2
    if d < 0:
        raise ValueError("तीन सहसंबंध विसंगत आहेत")
    return (xy - xz*yz) / sqrt((1 - xz**2) * (1 - yz**2))

print(partial(-0.40, 0.80, -0.56))   # 0.0966
print(partial(0.60, 0.90, 0.10))     # ValueError
```

यातील d शून्यापेक्षा कमी असेल तर तक्ता विसंगत आहे हे नक्की. d अधिक असेल तर तक्ता निर्दोष आहे असे मात्र ठरत नाही. तीन वेगळ्या गटांचे आकडे योगायोगाने जुळूही शकतात, आणि मग ०.७ सारखे सभ्य दिसणारे चुकीचे उत्तर मिळते. १.१८ आले हे त्या मानाने तुमचे सुदैव.

पायवाट

संख्या खरोखरच वेगवेगळ्या निघाल्या. तिन्ही रकाने पूर्ण असलेली माणसेच घेऊन पुन्हा चालवले, तेव्हा वय आणि अनुभव ०.८८, वय आणि गुण ०.१५, अनुभव आणि गुण ०.४१ असे आले. त्यावरून आंशिक सहसंबंध ०.५९ येतो. साधा सहसंबंध ०.४१ आणि वय काढल्यावर ०.५९, म्हणजे वाढला. हे चालेल काय?

तिसरी बाजू

आकडे एकमेकांशी सुसंगत आहेत. वाढीचे कारणही दिसते. अनुभवाचा जो भाग निव्वळ वयाबरोबर येतो त्याचा गुणांशी संबंध क्षीण आहे. तो भाग गेल्यावर उरलेला अनुभव, म्हणजे त्या वयाच्या मानाने जास्त किंवा कमी अनुभव, गुणांशी अधिक घट्ट जोडलेला दिसतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. पहिली, ०.८८ मुळे अनुभवाच्या चढउतारांपैकी साडेबावीस टक्क्यांच्या आसपासच भाग शिल्लक राहिला आहे, आणि सगळा निष्कर्ष त्यावर उभा आहे. ०.८८ ऐवजी ०.९२ असते आणि बाकी दोन्ही तेच असते तर उत्तर ०.५९ ऐवजी ०.७० झाले असते. दुसरी, ज्यांनी तिन्ही रकाने भरले ते इतरांसारखेच आहेत काय, हे सूत्र सांगू शकत नाही. अनुभव आणि गुण यांचा सहसंबंध ०.६० वरून ०.४१ वर आला, त्यावरून दोन्ही गट सारखे नसावेत असेच वाटते. कोणी उत्तरे गाळली आणि का, ते पाहिल्याखेरीज मी ०.५९ अहवालात लिहिणार नाही.

शोधिका

हूकर यांच्या उदाहरणाकडे परत यावे, कारण एक बाब अजून कोणी मांडलेली नाही. सूत्र धरून चालते की पाऊस अचूक मोजला आहे. संपूर्ण भागाचा पाऊस काही ठिकाणच्या मोजमापांवरूनच ठरतो, तेव्हा त्यात त्रुटी असणारच. काढून टाकायचा चल त्रुटियुक्त असेल तर तो पूर्ण निघत नाही. त्याचा काही अंश उत्पन्नाच्या आणि तापमानाच्या शिलकींत राहून जातो आणि त्यांच्यात जुनाच संबंध पुन्हा दाखवतो.

पावसाच्या मोजमापाची विश्वसनीयता माहीत असेल, तिला w म्हणू, तर दुरुस्ती करता येते.

```
(w*r_xy - r_xz*r_yz) / sqrt((w - r_xz^2) * (w - r_yz^2))
```

w एक असेल तर हेच आपले नेहमीचे सूत्र होते. हूकर यांच्या आकड्यांत w ०.९ धरला तर उत्तर ०.०९७ ऐवजी ०.२३ येते, आणि ०.८ धरला तर ०.४६. म्हणजे अंकनाद यांचे पहिले म्हणणे, की ऊब पोषक आहे, कदाचित अगदीच निराधार नसेल.

तिसरी बाजू

दुरुस्तीचे सूत्र बरोबर आहे, पण या ठिकाणी ते वापरण्यास माझा विरोध आहे. पाऊस आणि उत्पन्न यांच्या सहसंबंधाचा वर्ग ०.६४ आहे. w जसजसा ०.६४ कडे सरकेल तसतसा छेद शून्याकडे जाईल आणि उत्तर वाटेल तेवढे मोठे होईल. ०.८ आणि ०.९ मधला फरक आपण केवळ कल्पनेने ठरवणार आणि त्यावर उत्तर दुप्पट होणार, तर ते उत्तर पावसाचे नसून आपल्या कल्पनेचे झाले. शिवाय तुम्ही काढलेले अंतराल हे w एक धरून होते. दुरुस्तीनंतर तेही रुंदावेल.

शोधिका

अंतराल रुंदावेल हे मान्य आहे. पण w एक धरणे हीदेखील कल्पनाच आहे, आणि ती सर्वांत कमी शक्य असलेली कल्पना आहे. माझ्या मते ०.९ आणि ०.८ या दोन्ही उत्तरांचा उल्लेख करून वाचकाला फरक दाखवणे, दुरुस्ती न करता गप्प राहण्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

कोरा कागद

सर्वांचे आभार. माझ्या टिपणात आता मी इतकेच लिहीत आहे की उत्पन्न आणि तापमान यांच्यातील उणे ०.४० चा संबंध पावसाच्या वाटेने येणाऱ्या उणे ०.४४८ इतका अपेक्षितच होता, आणि तो वजा केल्यावर वीस वर्षांच्या आधारे शून्यापासून वेगळा ओळखता येईल असे काही उरत नाही. त्याखाली शोधिका यांचे अंतराल देतो. w विषयीची दोन्ही मते शेजारी ठेवतो, कारण दोन्हींपैकी एक निवडण्यास लागणारी माहिती या तीन आकड्यांत नाही.

उंबरठा यांचा मार्ग मात्र मला करून पाहायचा आहे. कोरड्या आणि ओल्या वर्षांत तापमानाचा संबंध उलटसुलट आहे काय, हे वर्षवार नोंदींवरूनच कळेल. हूकर यांच्या लेखातील वर्षवार तक्ते कोणी प्रत्यक्ष पाहिले असतील आणि त्यांत वसंतातील पाऊस स्वतंत्र रकान्यात असेल, तर कृपया येथे कळवावे.

उंबरठा

तक्ते मिळाले तर पाऊस कमी-जास्त अशा दोनच भागांत विभागून दहा-दहा वर्षांचे सहसंबंध मी काढून देईन. दहा वर्षांत शोधिका यांचे अंतराल किती रुंद होईल, हे त्यांनी आधीच सांगितले तर बरे.

शोधिका

दहा वर्षांसाठी साध्या सहसंबंधाची प्रमाण त्रुटी फिशर यांच्या मापात ७ च्या वर्गमुळाचा व्यस्त, म्हणजे साधारण ०.३८. शून्य सहसंबंधाभोवतीचेच अंतराल उणे ०.६३ ते अधिक ०.६३ होईल. दोन गटांतील फरक ओळखायचा तर एकीकडे उणे ०.५ आणि दुसरीकडे अधिक ०.५ असे आले तरच काही म्हणता येईल, तेही जेमतेम.